शेळीच्या गोष्टीत मी कुठं होते

रवि. ५ जाने.

धारवाडला मालतीबाईंच्या घरी. महिन्याचा पहिला रविवार, आमचा लिहिणाऱ्या बायकांचा गट. आठजणी, चुरमुऱ्यांचं गिरमिट, दोनदा चहा. यंदाच्या अंकाचा विषय ठरला : वडील.

मी म्हटलं, माझ्याकडं तयारच आहे. शेळीची गोष्ट वाचली. अप्पा कलघटगीला गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, लोक 'डॉक्टर'च म्हणायचे. एकदा टाइट होऊन एक आजारी शेळी लुनावर घालून घरी आणतात. थंडी म्हणून तिला स्वतःचा स्वेटर. रस्त्यातल्या मोरीपाशी गाडीसकट आडवे. शेळी उठते आणि अप्पांना घराची वाट दाखवते. आई दार उघडून म्हणते, "दोघांत शुद्धीत कोण आहे, त्यानं आधी आत या."

सगळ्या डोळे पुसेपर्यंत हसल्या. ही गोष्ट मी वीस वर्षं सांगतेय, कधी फुकट गेली नाही.

निघताना कपबश्या उचलत मालतीबाई (अठ्ठ्याहत्तर वय, मुख्याध्यापिका होत्या, आवाज कधी चढत नाही) म्हणाल्या, "छान जमलीय गं. तू कुठं होतीस त्या वेळी?"

"मी? घरीच असेन."

चिगरी बस उणकलला येईपर्यंत हनुवटीखाली बोट फिरवत बसले होते. तीन टाके. गिरीशला लग्नानंतर सांगितलंय, झोपाळ्यावरून पडले. मुलीलाही तेच.

घरी नव्हते. लुनावर होते. शेळीच्या मागं.


सोम. ६ जाने.

शाळेत तिसऱ्या तासाला ऑफ. दोन पानं लिहिली. फाडली.


बुध. ८ जाने.

परत लिहिलं. यात विनोद नाही. 'माझे वडील दारुडे होते. दहा वर्षांच्या मुलीला नशेत गाडीवर घालून...' वगैरे. लिहिताना हात भराभर चालला. वाचून बघितलं तर हे कुणाचे तरी दुसऱ्याचे वडील. सिनेमातले. अडखळत येतात, भांडी फेकतात. आमच्या घरी एक वाटीसुद्धा कधी फेकली गेली नाही. अप्पा घेऊन आले की चपला जोडीनं ठेवायचे. एरवी कशाही काढायचे. चपला नीट दिसल्या की आम्हाला कळायचं.

हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही.


शनि. ११ जाने.

तिसरा प्रयत्न. आता अप्पा बिचारे. कमी पगार, खेडोपाडी हिंडणं, वरचा अधिकारी अपमान करायचा, म्हणून प्यायचे. 'म्हणून' हा शब्द चार वेळा आलाय. पण अळणावरला होतो तेव्हा साहेब चांगला होता, तेव्हाही प्यायचे. बढती मिळाली तेव्हाही. पाऊस आला तरी, नाही आला तरी. कारण दिवसागणिक बदलायचं, बाटली तीच.

'म्हणून' खोडले. परिच्छेद कोसळला.


मंगळ. १४ जाने. संक्रांत

मालमड्डीला, आई-अप्पांकडं. तिळगूळ. अप्पा चौऱ्याहत्तरचे झाले, अजून सकाळी फाटकाबाहेरच्या कुत्र्यांना ज्वारीची भाकरी घालतात आणि त्यांच्याशी कन्नडमध्ये बोलतात. आईशी मराठी, कुत्र्यांशी कन्नड, हिशेब दोन्हीत. चौदा वर्षं झाली सोडून. दर गुरुवारी सोडलेल्यांच्या बैठकीला जातात, न चुकता.

स्वयंपाकघरात आईला सांगितलं, अप्पांवर लिहितेय.

"कशावर? शेळीवर?"

"पिण्यावर."

तिनं तिळाचा डबा बंद केला. "कशाला गं? चांगलं चाललंय की. लोक विसरले आता."

"मी विसरले नाही."

"तू काय बघितलंस? तू शाळेत होतीस, मग होस्टेलला गेलीस." थोड्या वेळानं, पाठमोरीच : "लिहायचंच असलं तर मला देवी करू नकोस. सोसलं सोसलं म्हणून लिहितात बायका. मी पण कमी नव्हते."

काय कमी नव्हतीस ते विचारलं. "साकु आता," म्हणाली. पुरे. अप्पा आत आले.


शुक्र. १७ जाने.

सतीशला फोन, पुण्याला. माझा धाकटा भाऊ, सहा वर्षांचं अंतर. विचारलं, अप्पांचं पिणं म्हटलं की तुला पहिल्यांदा काय आठवतं?

"दवाखाना. अजून काय?"

ते रिटायर झाल्यावरचं. अप्पांनी कुणाला न विचारता एका दिवसात बंद केली. दुसऱ्या दिवशी घाम, हातपाय लटलट. तिसऱ्या दिवशी त्यांना भिंतीतून वासरं येताना दिसायला लागली. सतीशनं रिक्षात घालून नेलं. वॉर्डात अप्पा त्या वासरांना चारा घाला म्हणून नर्सच्या पाया पडत होते. डॉक्टर म्हणाले, इतक्या वर्षांची दारू अशी घरच्या घरी एकदम तोडायची नसते, जीव जातो, आमच्याकडं येऊन तोडायची. इंजेक्शनं, गोळ्या, नऊ दिवस. त्यानंतर प्यायले नाहीत. मी तेव्हा पोटुशी होते, मला पाचव्या दिवशी कळवलं.

मी म्हटलं, आणि ते शिकवायचे ते? गाईची चार पोटं? अपूर्णांक?

"मला कधी शिकवलं? माझ्या वेळेला ते सात वाजता झोपलेले असायचे."

एकाच घरात आम्हाला वेगवेगळे अप्पा मिळाले. मला पहिली दहा-बारा वर्षं मिळाली, त्याला नंतरची. त्याचे अप्पा मी लिहू शकत नाही. 'आम्ही भावंडं' असं जिथं जिथं लिहिलं होतं तिथं 'मी' केलं.


रवि. १९ जाने.

दोन कागद. एकावर जे स्वतः बघितलं. दुसऱ्यावर जे ऐकलं, किंवा मागाहून जुळवलं.

बघितलेलं :
लुनाचा आवाज. वळणावरच इंजिन बंद करून ढकलत आणायचे, आई ओळखू नये म्हणून. आम्ही त्या गप्पपणावरूनच ओळखायचो.
वेलदोडा. वास लपवायला चघळायचे. अजून खिरीत वेलदोडा आला की मी आधी थांबते.
सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे. बशीत ओतून प्यायचे, बशी टेबलावर, तोंड खाली.
दवाखान्याच्या कपाटात, जंताच्या औषधांमागं, चपटी बाटली. मी शिशी समजून उघडली होती.
खेड्यातले लोक गाय सुटली, म्हैस व्याली की प्रेमानं द्यायचे. नाही म्हणायला अप्पांना कुणी शिकवलंच नव्हतं.

दुसरा कागद फारच लांब झाला. शेळीची जवळजवळ सगळी गोष्ट त्यावर. 'टाइट होऊन' हे शब्दसुद्धा. त्या दिवशी त्यांना पिताना मी बघितलेलं नाही. पडलो, म्हणजे प्यायलेले असणार. असं घरात ठरलं, आणि मी ते पाठ केलं.


मंगळ. २१ जाने.

हे लिहायला भीती वाटते, पण इथं तरी लिहिते.

मला आवडायचे ते अप्पा पहिल्या घोटानंतरचे. सकाळचे अप्पा गप्प, चिडके, हात लपवणारे. संध्याकाळी एक घेतली की अंगणात बसून मला जमिनीवर काडीनं गाईचं पोट काढून दाखवायचे. "हे पहिलं पोट म्हणजे पेव. आधी भरून ठेवायचं, मग निवांत बसून रवंथ करायचं. तू पण धडा असाच वाच." त्यांनी शिकवलेलं मी आज नववीला जसंच्या तसं शिकवते. तो तास, सव्वा तास. मग तिसरी झाली की तेच वाक्य परत परत, आणि डोळे माझ्यावरून सरकून मागच्या भिंतीवर.

म्हणजे मी सुद्धा वाट बघायचे. त्यांनी घ्यावी म्हणून. पण एकच.

हे लेखात घातलं तर अप्पा चांगले दिसतात का वाईट? दोन्ही नाही. मला वाटतं हेच ठेवायचं.


रवि. २६ जाने.

मालमड्डी. आई शेजारी हळदीकुंकवाला. अप्पा व्हरांड्यात. म्हणाले, "सतीशचा फोन होता. काय लिहालीस म्हणे माझ्यावर."

"होय."

"वाच की मग."

वाचलं. चपला, लुना, वेलदोडा, काडीनं काढलेलं पोट. त्यांनी एकदाही थांबवलं नाही. मी शेळीपर्यंत आले तेव्हा त्यांनी हात वर केला.

"त्या दिवशी मी प्यायलो नव्हतो."

मी कागद खाली केला.

"दोन दिवस घेतली नव्हती. तू म्हणाली होतीस ना, शाळेत पोरी नाक धरतात. तुझ्या डोक्यावर हात ठेवून सोडतो म्हटलेलं. दुसऱ्या दिवशीच हात उडायला लागले. हँडल धरवेना. मोरी दिसत होती मला, वळवायचं कळत होतं, हात ऐकेनात."

"मग सांगितलं का नाही? सगळे प्यायला म्हणत होते."

"प्यायला म्हटलं की हसतात, सोडून देतात. न पिता हात उडतात हे कुणाला सांगू? सरकारी नोकर. जनावराला सुई टोचणारा माणूस." मग बोट दाखवून, शिक्षकासारखं, "पण बंद केली होती म्हणून पडलो, बिचारा, असं लिहू नकोस. तुला टाके घालून आणलं आणि संध्याकाळीच परत घेतली. तुझं रक्त लागलेल्या शर्टावरच. ते पण लिही."

मला टाके घालताना त्यांनी माझं डोकं धरलं होतं, ते आठवतं. हात थरथरत होते. इतके, की डॉक्टरांनी दुसऱ्या माणसाला धरायला सांगितलं. मी इतकी वर्षं समजत होते ते दारूचं थरथरणं. पण त्यांचे हात उडायचे ते सकाळी, घेतलेली नसताना, हे मीच मागच्या रविवारी लिहिलंय. सकाळचा कप, बशी. माझ्याच कागदावर होतं, मला दिसलं नाही.

की पोरीच्या हनुवटीतून रक्त वाहताना कुणाचेही हात थरथरतील?

माहीत नाही.


सोम. २७ जाने.

शाळा सुटताना आईचा फोन. "जेवून गेलेत ते अजून आले नाहीत. फोन घरीच ठेवलाय. काल काय वाचलंस गं त्यांना?"

साडेचार वाजले होते. चिगरी धरली. पूर्ण वाट एकच डोक्यात : चौदा वर्षं, आणि मी दोन पानांसाठी. मालमड्डीत उतरून पहिल्यांदा कुठं गेले? स्टेशनरोडच्या बाजूला, जिथं दारूचं दुकान आहे तिथं. दुकानासमोरची माणसं एकेक बघितली. नव्हते. मग बाजाराकडून, मग शाळेच्या मैदानाकडून.

गुरांच्या दवाखान्याच्या कट्ट्यावर बसले होते. एका बाईची गाभण म्हैस आली होती, तिच्या पाठीवर हात ठेवून गप्पा चाललेल्या. "बा, नोडु," मला म्हणाले. ये, बघ. "कधी व्यायची म्हणतेस ही?"

मी जवळ जाऊन वाकले. म्हशीकडं बघायला नाही.

सावकाश म्हणाले, "वास घेतलास?"

मी म्हशीच्या पाठीला हात लावला.

"घेतलास ना?"

"होय अप्पा."

हसले नाहीत, चिडले नाहीत. "तुझी आई अजून रोज घेते. मी टॉवेल वाळत घालताना मागून येते. आम्हाला बैठकीत सांगतात, तुम्ही सोडली म्हणून घरच्यांचं नाक सुटत नाही." म्हशीची शेपटी बाजूला सारली. "आठवड्यात व्यायची."

परत येताना पायी. वाटेत मी म्हटलं, लेख नको वाटत असेल तर सांगा, देत नाही. ते फाटकाची कडी काढायला थांबले. मग : "बैठकीत नियम आहे. आपापलं सांगायचं. बायकोचं, पोरांचं सांगायचं नाही, ते त्यांचं. मी माझं सांगतो दर गुरुवारी. तुझं तू सांग. मी कोण अडवणार?"

आईनं दार उघडलं. त्यांच्या खांद्यावरून टॉवेल घेतला. घेताना किंचित वाकली.

आज पहिल्यांदा मला ते दिसलं.


गुरु. ३० जाने.

अप्पा बैठकीला गेल्यावर आईला विचारलं. त्या शेळीच्या दिवशी अप्पा प्यायलेले होते का?

"तर काय! वास येत होता की."

"ते म्हणतात, दोन दिवस बंद होती."

आई बराच वेळ कोथिंबीर निवडत राहिली. "त्यांच्या अंगाला तेव्हा कायमच वास असायचा. स्पिरिटचा, औषधांचा, घामाचा. मी कुठला घेतला, काय सांगू." मग, "दोन दिवस बंद केली होती म्हणे? मला का नाही सांगितलं?"

हे तिनं मला नाही विचारलं. पातेल्याला विचारलं. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

नंतर आपण होऊन सांगायला लागली. मी कधी ऐकलं नव्हतं. आधी ती बाटलीत पाणी घालायची, लेबलावर नखानं खूण करायची. ओतून द्यायची. त्यानं ते जास्तच लांब जाऊन प्यायला लागले. मग शेवटची सात-आठ वर्षं तीच आणायची. दुकानात स्वतः उभी राहून, भाजीच्या पिशवीत घालून. "रस्त्यावर पडण्यापेक्षा घरात पडू देत. रोजची एक, मोजून. लोकांना वाटायचं मी भाजी आणते." देठं बाजूला केली. "हे लिहू नकोस. माझ्या भावाला माहीत नाही."

मग दोन मिनिटांनी, "नाहीतर लिही. मला कळत नाही बघ."


शुक्र. ३१ जाने.

नवीन लिहिलं. शेळी आहे, स्वेटर आहे, आईचं वाक्यही आहे, कारण माझी हनुवटी दिसण्याआधी ती ते खरंच म्हणाली होती. हसू येतं. येऊ दे. पण आता लुनावर तिघं आहेत, आणि मागची बोलते.

पडण्याचं असं लिहिलं : मी समजत होते ते. अप्पा सांगतात ते. आई सांगते ते. माझ्या डोक्यावरचे थरथरणारे हात. निकाल दिला नाही. निकाल देता आला असता तर गोष्ट जास्त चांगली झाली असती, हे कळतं. अप्पांची बाजू घ्यावी असं फार वाटतं. म्हणूनच घेतली नाही.

वाटेल तिथं संवाद घातले होते, ते काढले. दहा वर्षांच्या मला एवढं आठवणं शक्य नाही. आठवतात ती तीनच वाक्यं. 'घट्ट धर.' 'शेळीला, मला नको.' आणि पडल्यावर, 'बाळ कुठाय?' बाळ म्हणजे मी. त्यांनी शेळीआधी माझं विचारलं. हे बघितलेलं, पहिल्या कागदावरचं. इतकी वर्षं गोष्ट सांगताना हेच एक वाक्य मी गाळत होते, कारण त्यानं हसू थांबतं.

आईच्या पिशवीचा परिच्छेद सहा ओळींचा. सगळ्यांत खरा तोच झालाय. माझा नाही.


शनि. १ फेब्रु.

दोन प्रती काढल्या. एकीत त्या सहा ओळी आहेत, एकीत नाहीत. गिरीशला दोन्ही वाचायला दिल्या. म्हणाला, ओळी असलेली चांगली. मग म्हणाला, "तुझी हनुवटी झोपाळ्यानं फुटली होती ना?"

बसून सांगितलं. मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. तिनं विचारलं, आजोबांवर राग आहे का तुझा? मी म्हटलं, होता, आता शोधला तर सापडत नाही, पण नाक अजून शोधतं. तिला कळलं नसावं. मलाही पुरतं नाही.

अप्पांना फोन. ओळींचं सांगितलं. "तो तुझ्या आईचा प्रश्न. मला विचारू नकोस." फोन ठेवता ठेवता, "उद्या मी येऊ का? वाचताना माझ्याकडं बघू नकोस म्हणजे झालं."


रवि. २ फेब्रु.

मालमड्डी, सव्वातीन. चारला मालतीबाईंकडं. लवकर आले, आई-अप्पांच्याच टेबलावर लिहितेय.

अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून फाटकाशी उभे, कुत्र्यांना समजावतायत की आत्ता भाकरी नाही. आई येणार नाही असं सकाळी म्हणाली होती. आता आत साडी नेसतेय. निऱ्या जमत नाहीयेत, ऐकू येतंय.

दोन्ही प्रती पिशवीत.

आतून : "कुठली वाचणार आहेस?"

"तू सांग."

पिन शोधल्याचा आवाज.

"मी मागं बसते. दाराजवळ. तू वाचायला लाग, तिथवर आलीस की माझ्याकडं बघ."

अप्पांकडं बघायचं नाही. आईकडं बघायचं. आणि मग कागदाकडं. निघतो.